एकोणिसावा इलेक्ट्रॉन कुठे बसतो? इलेक्ट्रॉन संरूपण न चुकता लिहिण्याची पद्धत

सदाशिव पेठेत माझ्या घरी संध्याकाळी अकरावी-बारावीची मुलं रसायनशास्त्र शिकायला येतात. दरवर्षी जून-जुलैमध्ये मी त्यांना एकच प्रश्न घालते: Fe²⁺ चं इलेक्ट्रॉन संरूपण लिहा. दरवर्षी निम्म्याहून जास्त वह्यांत हे उत्तर येतं:

```
Fe²⁺ : [Ar] 3d⁴ 4s²
```

हे चूक आहे. बरोबर उत्तर `[Ar] 3d⁶`. गंमत अशी की चूक करणाऱ्या मुलांना नियम तोंडपाठ असतात. "मॅडम, 4s ची ऊर्जा कमी, म्हणून ते आधी भरतं. मग 3d शेवटी भरलं, तर शेवटी आलेला आधी बाहेर जाणार ना?" तर्क अगदी सरळ आहे. ज्या वाक्यावर तो उभा आहे, "4s ची ऊर्जा 3d पेक्षा कमी असते", ते मात्र अर्धंच खरं आहे. ते कुठवर खरं आणि कुठे खोटं पडतं हे कळलं की बाकी पायऱ्या आपोआप जागेवर बसतात.

म्हणून इथे लोह हे एकच उदाहरण घेऊन सगळी पद्धत क्रमाने करू. अणूपासून Fe³⁺ पर्यंत जाऊ, आणि मध्ये एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनपाशी थोडं जास्त थांबू.

## तयारी

आवर्तसारणीचा छापील तक्ता, पेन्सिल, खोडरबर आणि चौकटीची वही. अप्पा बळवंत चौकात मिळते ती गणिताची साधी वही चालेल. चौकटी लागतात, कारण ऑर्बिटल म्हणजे एक चौकट आणि इलेक्ट्रॉन म्हणजे त्यातला बाण असं काढायचं आहे. पेन्सिल लागते, कारण सुरुवातीला बाण खोडावे लागतातच.

तिरक्या बाणांची ती प्रसिद्ध आकृती मात्र आधी काढू नका. ती घाईत काढताना बाणांचा उतार हमखास चुकतो, आणि एक बाण चुकला की पुढचं सगळं चुकतं. आपण तोच क्रम बेरजेने काढू.

## पायरी १ : आधी अणू, आयन नंतर

लोहाचा अणुअंक २६, म्हणजे उदासीन अणूत २६ इलेक्ट्रॉन. प्रश्न Fe²⁺ चा असला तरी सुरुवात २६ पासूनच करायची.

इथे होणारी चूक : २६ मधून २ वजा करून २४ इलेक्ट्रॉन सुरुवातीपासून भरत जाणं. त्याने Fe²⁺ ऐवजी चोवीस इलेक्ट्रॉनांचा दुसराच अणू, म्हणजे क्रोमिअम, भरायला घेतल्यासारखं होतं. केंद्रकात २६ प्रोटॉन आहेत की २४, यावर ऑर्बिटलांचा क्रम अवलंबून असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत ते परत लागणार आहे.

## पायरी २ : क्वांटम संख्यांवरून चौकटी काढा

चार क्वांटम संख्या मुलं पाढ्यासारख्या म्हणतात, पण त्यांचा उपयोग करत नाहीत. खरं तर चौकटी किती काढायच्या ते त्याच सांगतात.

`n` म्हणजे कवच : १, २, ३, ४ असं पुढे. `l` म्हणजे उपकवच : ० पासून `n−1` पर्यंत. ० ला s, १ ला p, २ ला d, ३ ला f म्हणतात. `m` म्हणजे उपकवचातलं ऑर्बिटल : `−l` पासून `+l` पर्यंत, शून्य धरून. म्हणून एका उपकवचात `2l+1` चौकटी होतात : s मध्ये एक, p मध्ये तीन, d मध्ये पाच, f मध्ये सात. चौथी संख्या स्पिनची, `+½` किंवा `−½`. एका अणूतल्या दोन इलेक्ट्रॉनांच्या चारही संख्या सारख्या असू शकत नाहीत. पहिल्या तीन संख्यांनी चौकट ठरली की वेगळं राहायला फक्त स्पिन उरतो, आणि त्याच्या किमती दोनच आहेत. एका चौकटीत दोनच इलेक्ट्रॉन, तेही उलट स्पिनचे, हा नियम इथूनच येतो. तो वेगळा पाठ करायची गरज नाही.

`l` ला `n−1` ची मर्यादा का, हे फारसं कुणी सांगत नाही आणि मुलं `2d`, `3f` लिहून मोकळी होतात. त्याचं कारण पुढे चौथ्या पायरीत कामी येणार आहे, म्हणून दोन मिनिटं देऊ.

ऑर्बिटलमध्ये काही पृष्ठभाग असे असतात की तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य असते. त्यांना नोड म्हणतात. कोणत्याही ऑर्बिटलमध्ये एकूण `n−1` नोड असतात. त्यातले `l` नोड केंद्रकातून जाणारे असतात आणि उरलेले `n−l−1` केंद्रकाभोवती गोलाकार. दुसऱ्या कवचात एकूण नोडच एक असेल तर केंद्रकातून जाणारे दोन कुठून आणणार? म्हणून `2d` अस्तित्वातच नाही.

आता वहीत दोन नोंदी करून ठेवा:

```
4s : n=4, l=0 → केंद्रकातून जाणारे नोड 0, गोलाकार 3
3d : n=3, l=2 → केंद्रकातून जाणारे नोड 2, गोलाकार 0
```

तपासणी : खालचे तीन संच बघा आणि पुढचं उत्तर न बघता चूक ओळखा.

```
(2, 2, 0, +½)
(3, 1, −2, +½)
(4, 0, 0, 0)
```

पहिल्यात `l` ची किंमत `n` इतकी झाली आहे. दुसऱ्यात `m` मर्यादेबाहेर गेला आहे. तिसऱ्यात स्पिन शून्य आहे, जो इलेक्ट्रॉनला कधीच नसतो. यातली दुसरी चूक सर्वात जास्त निसटते.

## पायरी ३ : भरण्याचा क्रम बेरजेने काढा

प्रत्येक उपकवचासाठी `n+l` काढा. ज्याची बेरीज लहान, ते आधी. बेरीज सारखी आली तर ज्याचा `n` लहान, ते आधी.

```
1s 2s 2p 3s 3p 4s 3d 4p
1  2  3  3  4  4  5  5
```

`4s` ची बेरीज ४, `3d` ची ५, म्हणून `4s` आधी. `3d` आणि `4p` दोन्हींची बेरीज ५, पण `3d` चा `n` लहान, म्हणून `3d` आधी.

इथे होणारी चूक : बेरीज सारखी आल्यावर `l` लहान असलेलं आधी घेणं. त्याने `4p` आधी आणि `3d` नंतर येतं. ही चूक पकडायला आवर्तसारणी बघा. चौथ्या ओळीत पोटॅशिअम आणि कॅल्शिअमनंतर दहा मूलद्रव्यांचा पट्टा येतो आणि मग गॅलिअमपासून सहा. दोन, दहा, सहा, म्हणजे s, d, p. तक्ता स्वतःच क्रम सांगतो आहे. परीक्षेत तक्ता मिळत नाही ही गोष्ट वेगळी.

## पायरी ४ : हा क्रम असा का, ते समजून घ्या

ही पायरी सगळे टाळतात. पण सुरुवातीची Fe²⁺ ची चूक इथेच जन्माला येते, म्हणून जास्त जागा हिलाच देते.

हायड्रोजनपासून सुरुवात करू. तिथे इलेक्ट्रॉन एकच आणि ऊर्जा फक्त `n` वर ठरते. `3s`, `3p`, `3d` तिन्ही एकाच पातळीवर, आणि `4s` त्यांच्या वर. तिसऱ्या कवचातला इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण १.५१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, चौथ्यातला सोडवायला ०.८५. म्हणजे हायड्रोजनमध्ये `3d` खाली आणि `4s` वर आहे. "4s ची ऊर्जा कमी" हे विधान पहिल्याच अणूत कोसळतं.

आता पोटॅशिअम घ्या. केंद्रकात १९ प्रोटॉन. आर्गॉनसारखे १८ इलेक्ट्रॉन आत बसले आहेत. एकोणिसावा कुठे जाईल?

तो `3d` मध्ये गेला असं धरू. `3d` ला केंद्रकातून जाणारे दोन नोड आहेत, म्हणून तो केंद्रकाजवळ फिरकतच नाही. तो अठरा इलेक्ट्रॉनांच्या पडद्याबाहेर राहतो. बाहेरून बघणाऱ्याला १९ धन आणि १८ ऋण मिळून जेमतेम एकच प्रभार जाणवतो, जवळजवळ हायड्रोजनसारखा. मोजलेला आकडाही हेच सांगतो : पोटॅशिअमच्या `3d` मधला इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे १.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हायड्रोजनमध्ये १.५१ होते. फरक किरकोळ आहे.

तोच इलेक्ट्रॉन `4s` मध्ये गेला तर? `4s` ला केंद्रकातून जाणारा एकही नोड नाही. त्याचे तीनही नोड गोलाकार आहेत आणि त्यांच्या आतल्या बाजूला त्याचे छोटे छोटे थर आहेत, अगदी केंद्रकापर्यंत. इलेक्ट्रॉनचा बराचसा भाग बाहेर असला तरी थोडा भाग पडद्याच्या आत शिरतो आणि तिथे त्याला १९ प्रोटॉनांची ओढ बरीचशी उघडी लागते. हायड्रोजनमध्ये `4s` ला ०.८५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची पकड होती, ती पोटॅशिअममध्ये ४.३४ होते, पाचपट. त्यामुळे `4s` हे `3d` च्या २.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली जातं आणि एकोणिसावा इलेक्ट्रॉन `4s` मध्ये बसतो.

इथवर बहुतेक पुस्तकं येतात आणि थांबतात. आपण आणखी दोन पावलं जाऊ.

इलेक्ट्रॉन १९ च ठेवा आणि केंद्रकात प्रोटॉन वाढवा. २० प्रोटॉन आणि १९ इलेक्ट्रॉन म्हणजे Ca⁺. तिथेही एकोणिसावा `4s` मध्येच बसतो, पण अंतर २.६७ वरून १.७ वर आलेलं असतं. आणखी एक प्रोटॉन वाढवा : Sc²⁺, २१ प्रोटॉन, १९ इलेक्ट्रॉन. आता बाजू उलटते. एकोणिसावा इलेक्ट्रॉन `3d` मध्ये बसतो, आणि `4s` त्याच्या सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर जातं.

```
K    (19 प्रोटॉन) : [Ar] 4s¹
Ca⁺  (20 प्रोटॉन) : [Ar] 4s¹
Sc²⁺ (21 प्रोटॉन) : [Ar] 3d¹
```

असं का होतं? गाभ्याचा निव्वळ प्रभार पोटॅशिअममध्ये १ आहे, Ca⁺ मध्ये २, Sc²⁺ मध्ये ३. कवचाकवचांतलं अंतर या प्रभाराच्या वर्गाने वाढतं, म्हणजे १ वरून ३ झाला की नऊपट. तिसरं कवच आणि चौथं कवच यांतला मूळचा फरक मग इतका मोठा होतो की आत शिरण्याचा `4s` चा फायदा तो भरून काढू शकत नाही. शिवाय ओढ वाढल्यावर `3d` स्वतःही आक्रसून आत येतं आणि पडद्याच्या बाहेरचं राहत नाही.

म्हणून ऊर्जापातळ्या म्हणजे भिंतीत ठोकलेल्या फळ्या असं चित्र मनात ठेवू नका. केंद्रकातले प्रोटॉन आणि आजूबाजूचे इलेक्ट्रॉन बदलले की फळ्या वर-खाली होतात. `n+l` ची यादी हा एका अणूतल्या पातळ्यांचा जिना नाही. अणुअंक एकेकाने वाढवत गेलं की प्रत्येक नव्या अणूत कोणतं उपकवच भरत जातं, त्याचा तो क्रम आहे. याचा पुरावा पोटॅशिअममध्येच आहे : तिथे `4p` हे `4s` च्या फक्त १.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आहे, म्हणजे `3d` च्याही खाली. यादीत मात्र `3d` आधी आणि `4p` नंतर.

एक शंका चौकस मुलं इथे काढतात. "मॅडम, स्कँडिअमपासून 3d खाली असेल, तर स्कँडिअमचा अणू 3d³ का नाही? 3d¹ 4s² का?" प्रश्न बरोबर आहे. Sc²⁺ मध्ये एक इलेक्ट्रॉन `3d` त गेला. `3d` ही आता आत ओढलेली, आटोपशीर जागा आहे. दुसरा इलेक्ट्रॉन तिथेच घातला तर दोघे एकमेकांना फार जोराने ढकलतात. त्यापेक्षा ऐसपैस `4s` मध्ये गेलेलं परवडतं. म्हणून Sc⁺ हा `3d¹ 4s¹` आणि स्कँडिअम अणू `3d¹ 4s²`. `4s` भरतं ते तिथली पातळी खाली आहे म्हणून नाही, तर `3d` त गर्दी महाग पडते म्हणून.

तपासणी : पुढे जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. "लोहाच्या अणूत 4s ही 3d च्या खाली असते" हे विधान बरोबर की चूक? उत्तर "बरोबर" वाटत असेल तर ही पायरी पुन्हा वाचा.

## पायरी ५ : भरा, आणि d च्या चौकटी खरोखर काढा

```
Fe : 1s² 2s² 2p⁶ 3s² 3p⁶ 4s² 3d⁶
```

बेरीज करा : २+२+६+२+६+२+६ = २६. ही बेरीज न करता पुढे जायचं नाही, असा माझ्याकडे नियमच आहे.

आता `3d` च्या पाच चौकटींत सहा बाण. आधी प्रत्येक चौकटीत एकेक, सगळे एकाच दिशेचे. मग सहावा पहिल्या चौकटीत, उलट दिशेचा.

```
3d : [↑↓] [↑ ] [↑ ] [↑ ] [↑ ]
```

जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन चार. इथे सगळे शिक्षक बसचं उदाहरण देतात : रिकामं बाकडं असताना कुणी दुसऱ्याच्या शेजारी बसत नाही. मीही देते. पण त्यातून अर्धाच नियम कळतो. प्रवासी कुठल्याही दिशेला तोंड करून बसला तरी चालतं, इथे मात्र एकेकटे बसलेले सगळे एकाच स्पिनचे असावे लागतात. वह्यांत `[↑ ] [↓ ] [↑ ]` असे बाण दिसतात, ते याच उदाहरणाची देणगी.

## पायरी ६ : लिहिताना कवचानुसार लावा

भरून झालं की उत्तर पुन्हा लिहा, `n` च्या क्रमाने:

```
Fe : 1s² 2s² 2p⁶ 3s² 3p⁶ 3d⁶ 4s²
Fe : [Ar] 3d⁶ 4s²
```

हे नुसतं टापटिपीसाठी नाही. असं लिहिलं की सर्वात बाहेरचं कवच उजवीकडे शेवटी येतं, आणि पुढच्या पायरीत काढायचं ते तिथूनच. `4s² 3d⁶` असं लिहून ठेवणारी मुलं पुढच्या पायरीत उजवीकडचं खोडतात, म्हणजे `3d`. बहुतेक वेळा Fe²⁺ ची चूक हातून होते ती अशी, डोक्यात काही विचार न येताच.

## पायरी ७ : आयन करताना बाहेरून काढा

धन आयन करताना आधी सर्वात मोठ्या `n` चे इलेक्ट्रॉन निघतात. त्याच कवचात s आणि p दोन्ही असतील तर p आधी.

```
Fe   : [Ar] 3d⁶ 4s²
Fe²⁺ : [Ar] 3d⁶
Fe³⁺ : [Ar] 3d⁵
```

कारण तुम्ही चौथ्या पायरीत पाहिलंच आहे. इलेक्ट्रॉन निघत जातात तसा गाभ्याचा निव्वळ प्रभार वाढतो आणि `3d` आणखी घट्ट धरलं जातं. Sc²⁺ मध्ये जे झालं तेच इथे होतं. भरणं म्हणजे एका मूलद्रव्याकडून पुढच्या मूलद्रव्याकडे जाणं, त्यात प्रोटॉनही वाढतात. आयन होणं म्हणजे प्रोटॉन तेवढेच ठेवून इलेक्ट्रॉन काढणं. या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. एक दुसरीची उलटी फिल्म नाही.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मोहर सॉल्टचं पोटॅशिअम परमँगनेटशी टायट्रेशन करता ना, तिथे ब्युरेटमधून थेंब पडतो आणि त्याचा जांभळा रंग फ्लास्कमध्ये विरून जातो. त्या वेळी Fe²⁺ चा Fe³⁺ होत असतो. जाणारा इलेक्ट्रॉन `3d⁶` मधल्या एकमेव जोडीतला आहे. `4s` तिथे कधीच रिकामं झालेलं असतं.

## पायरी ८ : उत्तर चुंबकाने तपासा

उत्तर बरोबर आहे का हे पाठांतरावर सोडायची गरज नाही. जोडी न जमलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या `x` असेल तर चुंबकीय मोमेंट साधारण `√(x(x+2))` बोर मॅग्नेटॉन येतो.

इथे एक सापळा आहे, मीही शिकवायला लागल्यावर पहिल्या वर्षी त्यात सापडले. Fe²⁺ वर तपासणी करून दाखवायला गेले आणि फळ्यासमोर गप्प उभी राहिले. बरोबर उत्तर `3d⁶` : जोडी नसलेले चार. चूक उत्तर `3d⁴ 4s²` : तिथेही चारच! दोन्हींतून ४.९० येतो. म्हणजे Fe²⁺ वर ही चूक या मार्गाने पकडता येत नाही.

Fe³⁺ वर पकडता येते:

```
बरोबर : 3d⁵     → x = 5 → √35 ≈ 5.92
चूक   : 3d³ 4s² → x = 3 → √15 ≈ 3.87
```

फेरिक तुरटीसारख्या क्षारात मोजलेली किंमत ५.९ च्या आसपास येते. प्रश्न तिथेच मिटतो.

सावधान : ही मोजणी सुट्या आयनासाठी किंवा पाण्यासारख्या कमजोर लिगंडच्या सान्निध्यातल्या आयनासाठी आहे. फेरिसायनाइडमध्ये तोच Fe³⁺ आहे, तेच पाच `3d` इलेक्ट्रॉन आहेत, पण सायनाइडच्या जोरामुळे चार जोडीने बसतात आणि एकटा एकच उरतो. संरूपण `3d⁵` च राहतं, बाणांची मांडणी बदलते.

## पायरी ९ : अपवाद, आणि त्यांचा अतिरेक

पहिल्या d पट्ट्यात लक्षात ठेवायचे अपवाद दोनच:

```
Cr (24) : [Ar] 3d⁵ 4s¹
Cu (29) : [Ar] 3d¹⁰ 4s¹
```

"अर्धं किंवा पूर्ण भरलेलं उपकवच स्थिर असतं" हे कारण परीक्षेत लिहा, गुण मिळतील. क्रोमिअममध्ये त्याचा अर्थ असा : `3d` आणि `4s` यांतला फरक तिथे लहान आहे. एक इलेक्ट्रॉन `4s` मधून `3d` त गेला की सहाही इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या चौकटींत, एकाच स्पिनने बसू शकतात. `4s` मधल्या जोडीची ढकलाढकली वाचते, आणि सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून दूर राहत असल्याने आणखी थोडी ऊर्जा वाचते.

पण हे वाक्य कायदा म्हणून सगळीकडे लावू नका. क्रोमिअमच्याच गटात दोन घरं खाली टंगस्टन आहे, आणि तो `5d⁴ 6s²` आहे, `5d⁵ 6s¹` नाही. नायोबिअम `4d⁴ 5s¹` आहे, तिथे ना अर्धं भरलेलं ना पूर्ण. पॅलेडिअमने तर `5s` पूर्ण रिकामं ठेवून `4d¹⁰` केलं आहे. खालच्या ओळींत पातळ्या इतक्या जवळ येतात की कुणाची बाजू जड होईल हे घोषवाक्यावरून सांगता येत नाही. तिथे मोजलेलं उत्तरच बघावं लागतं. निकेल `3d⁸ 4s²` च लिहा. "पूर्ण भरण्यासाठी" म्हणून त्याचं `3d¹⁰` करणारी मुलं दरवर्षी दोन-तीन तरी भेटतात.

तपासणी : क्रोमिअममध्ये `l = 1` असलेले आणि `l = 2` असलेले इलेक्ट्रॉन किती? `2p` चे सहा आणि `3p` चे सहा, मिळून बारा. `3d` चे पाच. उत्तर १२ आणि ५. तुमचं १२ आणि ४ आलं असेल तर अपवाद विसरलात. ६ आणि ५ आलं असेल तर `2p` मोजायचं राहिलं.

## पायरी १० : "शेवटच्या इलेक्ट्रॉनच्या" क्वांटम संख्या

हा प्रश्न नीट वाचल्याशिवाय लिहू नका, कारण त्याचे दोन अर्थ होतात. भरताना शेवटी आलेला इलेक्ट्रॉन विचारला असेल तर लोहासाठी तो `3d` मधला : `n = 3, l = 2`. सर्वात बाहेरचा किंवा संयुजा इलेक्ट्रॉन विचारला असेल तर `4s` मधला : `n = 4, l = 0, m = 0`. "क्रोमिअमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन" असं विचारलं तर भरण्याच्या क्रमाने मोजायचं : अठराव्यापर्यंत आर्गॉन, एकोणिसावा `4s`, म्हणून

```
(4, 0, 0, +½)
```

`3d` च्या इलेक्ट्रॉनसाठी `m` ची नेमकी किंमत लिहिताना −२, −१, ०, +१, +२ यांपैकी कोणतीही चालते. डावीकडची चौकट −२ ची की +२ ची हा फक्त संकेत आहे, तसंच पहिला बाण `+½` धरायचा हाही. पर्यायांत `m` किंवा स्पिन वेगळा दिसला म्हणून पर्याय कापू नका. आधी `n` आणि `l` जुळतात का बघा, मग `m` मर्यादेत आहे का बघा.